भक्तिपर व्हिडिओत संगणकाचा आवाज आणि चित्रं: प्रेक्षकांना काय, कुठे आणि कसं सांगायचं

माझ्या एका व्हिडिओखाली एका आजींनी लिहिलं होतं, "या ताईंचा आवाज फार सात्त्विक आहे. आमच्या भजनी मंडळात त्यांना निरूपणाला बोलवायचं आहे. नंबर मिळेल का?"

त्या ताई कुठेच नव्हत्या. अभंगाचं निरूपण मी लिहिलं होतं आणि ते संगणकाच्या आवाजात वाचून घेतलं होतं. वर्णनात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. मी उत्तरात फक्त "धन्यवाद" लिहिलं. तोवर मी एक गोष्ट सांगायची विसरलो होतो, एवढंच म्हणता आलं असतं. त्या "धन्यवाद"नंतर मात्र मी एका श्रद्धाळू बाईंचा गैरसमज जाणूनबुजून तसाच राहू दिला.

पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मग हा अर्थ कुणी सांगितला?" पुढे मी जे काही शिकलो ते या प्रश्नातूनच. ऐकणाऱ्याला कोणतं सॉफ्टवेअर वापरलं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. समोर आलेल्या शब्दांची, आवाजाची आणि रूपाची जबाबदारी घेणारं माणूस कोण आहे, हे त्याला कळायला हवं असतं. नव्याने असे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी माझी पद्धत पुढे देतो.

## सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- प्रत्येक व्हिडिओची एक निर्मिती-नोंद. साधी वही किंवा एक फाइल पुरते.
- मूळ पाठ ज्या छापील प्रतीतून घेतला तिचं नाव, आवृत्ती आणि पान.
- खऱ्या माणसाच्या आवाजाची नक्कल करणार असाल, तर त्याची लेखी परवानगी.
- वापरलेल्या साधनाच्या अटींची, तुम्ही घेतलेल्या योजनेला लागू असलेली प्रत. फुकट आणि सशुल्क योजनांच्या अटी बऱ्याचदा वेगळ्या असतात.
- पाठ आणि उच्चार तपासणारं एक जाणकार माणूस. यंत्राकडे ही जागा देऊ नका.

## १. कोणता भाग कुणाचा, ते आधी लिहून काढा

"हा व्हिडिओ एआयच्या साहाय्याने बनवला आहे" हे वाक्य मी वापरत नाही. त्यातून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. अभंग यंत्राने रचला, असा अर्थ त्यातून निघू शकतो आणि फक्त पार्श्वभूमीचा रंग सुधारला, असाही निघू शकतो. भक्तिपर व्हिडिओत शब्द, आवाज, संगीत आणि चित्र असे चार धागे असतात. प्रत्येकाचा उगम वेगळा लिहा.

एका सहा मिनिटांच्या व्हिडिओची माझी नोंद अशी होती. अभंगाचा पाठ छापील गाथेतून घेतला होता. निरूपण मी लिहिलं होतं आणि एका कीर्तनकारांनी ते तपासलं होतं. अभंग भजनी मंडळाने गायला होता, ध्वनिमुद्रण खोलीतलंच. निरूपणाचं वाचन संगणकाच्या तयार आवाजात होतं. त्यात बारा चित्रं होती. त्यांपैकी नऊ संगणकावर तयार केलेली होती आणि तीन मी स्वतः काढलेले फोटो होते.

नोंद समोर आली आणि मला धक्का बसला. माणसाचं गाणं आणि यंत्राचं वाचन एकाच व्हिडिओत होतं. मी काही सांगितलं नाही तर दोन्ही माणसाचंच वाटणार. आणि सगळ्यासाठी मिळून एकच मोघम सूचना दिली, तर ज्यांनी घसा दुखेपर्यंत गायलं त्यांचं गाणंही यंत्राचं ठरणार. मोघम सूचनेमुळे अन्याय आपल्याच माणसांवर होतो, हे तेव्हा लक्षात आलं.

## २. पाहणारा कशाला खरं मानेल, ते ओळखा

संगणकावर केलेल्या प्रत्येक चित्राला सारखीच सूचना लागत नाही. देवाचं चित्रासारखं दिसणारं चित्र पाहून कुणी फसत नाही. देवांची रूपं चित्रकार आणि मूर्तिकार शतकानुशतकं घडवत आले आहेत, आणि पाहणारा त्यांच्याकडे चित्र म्हणूनच पाहतो. तिथे वर्णनात एक ओळ पुरते.

खरा धोका फोटोसारख्या दिसणाऱ्या दृश्यात असतो. गाभाऱ्याचं हुबेहूब दृश्य, मूर्तीच्या डोळ्यांतून येणारं पाणी, गर्दीवर अचानक पडलेला प्रकाशाचा झोत, हे पाहणारा घडलेली घटना म्हणून पाहतो आणि हात जोडतो. असं दृश्य वापरायचंच असेल, तर ते पडद्यावर असेपर्यंत "संगणकनिर्मित दृश्य" हे शब्द त्याच्यावर राहिलेच पाहिजेत. माझं मत विचाराल तर चमत्काराचं फोटोसारखं दृश्य करूच नये. कोपऱ्यातली सूचना कापून तो तुकडा पुढे पाठवायला कुणालाही अर्धं मिनिट लागतं.

संतांच्या बाबतीत काळाचं भान ठेवा. छायाचित्रणाचं तंत्र जगापुढे आलं १८३९ साली. त्याआधीच्या कोणत्याही संतांचा फोटो असूच शकत नाही. ज्ञानेश्वर किंवा तुकाराम यांचा सुरकुत्यांसकट हुबेहूब चेहरा दाखवून "खरं रूप" असं लिहिणं हे सरळ खोटं आहे, मग वर्णनात काहीही लिहिलेलं असो. गाडगेबाबांसारख्या, १९५६पर्यंत हयात असलेल्या संतांचे मात्र खरे फोटो आहेत. तिथे वेगळा सापळा असतो. खरा फोटो हलता केला, ओठ हलवले आणि त्यांच्या तोंडी आपलं वाक्य घातलं, की ते वाक्य त्यांचं होऊन बसतं. पुढची पिढी ते वचन म्हणून उद्धृत करेल.

## ३. काही गोष्टी सूचना देऊनही चालत नाहीत

दिवंगत गुरूंच्या आवाजाची नक्कल करून त्यांच्याकडून नवा उपदेश वदवणं मी कधीच करत नाही. त्यांच्या आवाजात त्यांचेच छापील शब्द वाचून घेण्याची मागणी मला एकदा आली होती. तीही मी नाकारली. तो आवाज ऐकून ज्यांचे डोळे भरून येतील, त्यांना सुरुवातीची सूचना तेव्हा आठवणार नाही.

हयात गायकाच्या किंवा कीर्तनकाराच्या बाबतीत परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. हा शिष्टाचाराचा प्रश्न आहेच, शिवाय कायद्याचाही आहे. अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली अंतरिम मनाई दिली, आणि २०२५ साली आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण दिलं. "सूचना दिली होती" हे परवानगीला पर्यायी उत्तर होत नाही.

परवानगी घेताना "माझा आवाज वापरायला हरकत नाही" एवढ्यावर थांबू नका. कोणता पाठ, किती व्हिडिओ, किती काळ, पैसे मिळाले तर वाटा काय, आणि उद्या त्यांनी नको म्हटलं तर व्हिडिओ किती दिवसांत काढायचा, हे सगळं लिहा. प्रकाशनाआधी तयार ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवायचं, हेही कलम घाला. एका गायकांनी लेखी परवानगी दिली होती, पण ध्वनिमुद्रण ऐकल्यावर ते म्हणाले, "मी इथे श्वास घेतला नसता, ओळ तुटली." तो भाग आम्ही वगळला.

## ४. सूचनेचे शब्द

शब्द साधे हवेत. "कृत्रिम बुद्धिमत्ता" म्हटलं की तरुणांना कळतं, आजी-आजोबांना कळेलच असं नाही. "संगणकावर तयार केलेला आवाज" सगळ्यांना कळतं. मी एक साचा ठरवला आहे. आधी माणसाचा भाग सांगायचा, मग यंत्राचा. वर सांगितलेल्या व्हिडिओची सूचना अशी झाली:

"अभंग भजनी मंडळाने गायला आहे. निरूपण आम्ही लिहिलं आहे. ते वाचणारा आवाज संगणकावर तयार केलेला आहे."

ही पंधरा-सोळा शब्दांची सूचना शांतपणे बोलायला सात-आठ सेकंद लागतात. यात माफी नाही आणि तंत्रज्ञानाचं कौतुकही नाही. "क्षमस्व, आमच्याकडे साधनं नव्हती" असं लिहिलं की ऐकणारा उगाच शंका घेऊ लागतो. "अत्याधुनिक तंत्राने साकारलेलं दिव्य दर्शन" असं लिहिलं की भक्ती बाजूला राहून जाहिरात होते. "तपासलेलं" हा शब्द माणसाने खरोखर तपासलं असेल तरच वापरा.

शीर्षक आणि मुखचित्र हाही सूचनेचाच भाग आहे. आत प्रामाणिक सूचना दिली आणि मुखचित्रावर "प्रत्यक्ष दर्शन" किंवा "मूळ आवाज" लिहिलं, तर आतली सूचना निरर्थक ठरते. बहुतेक लोक फक्त मुखचित्रच पाहतात.

## ५. सूचना कुठे ठेवायची

नव्या लोकांची सर्वात मोठी चूक इथे होते. ते वर्णनात एक ओळ लिहितात आणि काम झालं असं समजतात. पण भक्तिपर व्हिडिओ कसे ऐकले जातात ते आठवा. पहाटे फोन उशाशी ठेवून, डोळे मिटून, कामं करताकरता. टीव्हीवर लावला तर वर्णन उघडतो कोण? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पुढे गेली की वर्णन, शीर्षक, चॅनेलचं नाव, सगळं मागे राहतं. म्हणून सूचना व्हिडिओच्या आत हवी, आणि ती कानालाही कळायला हवी.

कानासाठी. वरची तीन वाक्यं मी माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणतो. इथे यंत्राचा आवाज वापरू नका. ऐकणाऱ्याला निदान एकदा तरी व्हिडिओमागचा खरा माणूस ऐकू येतो आणि पुढचा आवाज वेगळा आहे हेही लगेच समजतं. सूचना पहिल्या सुराआधी यायला हवी. तिच्यानंतर दोन सेकंद पूर्ण शांतता ठेवा, मग तंबोरा सुरू करा. त्या शांततेमुळे निवेदन आणि उपासना वेगळी राहतात. सूचना गाण्याच्या मध्ये घालण्याचा प्रयोग मी केला आहे. ऐकणाऱ्याची तंद्री मोडते, आणि त्यांनी तसं स्पष्ट कळवलं.

डोळ्यांसाठी. सुरुवातीला साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर तेच शब्द पाच-सहा सेकंद दाखवा. फोटोसारख्या दृश्यांवर कोपऱ्यात छोटी सूचना ठेवा. ती मूर्तीच्या चेहऱ्यावर येऊ देऊ नका आणि चरणांवरही येऊ देऊ नका. माझी पहिली पट्टी नेहमीच्या सवयीने तळाशी, नेमकी चरणांवर गेली होती. दोघांनी ते कळवलं आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आता मी चित्र करतानाच वरच्या एका कोपऱ्यात मोकळी जागा ठेवतो. उभ्या छोट्या व्हिडिओत तर तळाशी आणि उजव्या कडेला बटणं येतात. तिथली सूचना तशीही झाकली जाते.

एक तांत्रिक अडचण आधीच सांगतो. काही संपादन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या चुकीच्या जागी जातात. देवाच्या नावातली "श्री" फुटलेली दिसली, तर सूचनेचा हेतू कितीही चांगला असला तरी वाचणाऱ्याला अनादर वाटतो. अशा वेळी मजकूर दुसरीकडे नीट लिहून त्याचं पारदर्शक पार्श्वभूमीचं चित्र (पीएनजी) करा आणि ते व्हिडिओवर ठेवा. मग फोनवर, हाताच्या अंतरावरून वाचून पाहा.

वर्णनात. इथे पूर्ण नोंद द्या: पाठ कोणत्या प्रतीतून, गायलं कुणी, कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत संगणकाचा आवाज, कोणती चित्रं तयार केलेली. ज्याला खोलात जायचं आहे तो वाचेल.

## ६. यूट्यूबवरची निवड

यूट्यूबने मार्च २०२४ मध्ये यासाठी वेगळी निवड आणली. व्हिडिओ चढवताना तपशिलाच्या पानावर `Show more` उघडा. तिथे `Altered content` हा भाग सापडेल. तिथले प्रश्न साधारण असे आहेत: खऱ्या माणसाने न केलेली किंवा न बोललेली गोष्ट दाखवली आहे का, खऱ्या घटनेचं किंवा जागेचं चित्रण बदललं आहे का, आणि न घडलेलं पण खरं वाटेल असं दृश्य तयार केलं आहे का. यांपैकी एकाचंही उत्तर होकारार्थी असेल तर `Yes` निवडा. मग वर्णन उघडल्यावर `How this content was made` या शीर्षकाखाली खूण दिसते. या निवडीमुळे व्हिडिओचा प्रेक्षकवर्ग किंवा कमाईची पात्रता कमी होत नाही, असं यूट्यूबने स्वतःच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे भीतीपोटी `No` निवडायचं कारण नाही.

उघडपणे चित्रासारखी दिसणारी चित्रं किंवा रंगसुधारणा यांसाठी ही निवड सक्तीची नाही. इथेच गफलत होते. सक्ती नाही म्हणजे सांगायची गरज नाही, असा अर्थ लोक काढतात. कुणाचीही नक्कल नसलेल्या तयार आवाजातलं माझं निरूपण वरच्या प्रश्नांत नीट बसत नव्हतं, आणि तरीही आजी फसल्याच होत्या. यूट्यूबच्या प्रश्नांना यूट्यूबची उत्तरं द्या. आजींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र व्हिडिओतच द्या.

भारतात माहिती तंत्रज्ञान नियमांतली दुरुस्ती २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाली आहे. खऱ्यासारख्या वाटणाऱ्या संगणकनिर्मित आशयावर स्पष्ट खूण हवी, असं ती सांगते. मोठ्या मंचांना चढवणाऱ्याकडून तसं घोषित करून घ्यावं लागतं.

## ७. प्रकाशनाआधी चुका शोधा

खरी सूचना देऊनही विश्वास जातो, तो चुकांमुळे. "यंत्राने केलं होतं" हे सांगून चूक माफ होत नाही. व्हिडिओ प्रसिद्ध तुम्ही केला आहे.

चित्रं एकेक थांबवून पाहा. माझ्याकडे आलेल्या विठ्ठलाच्या एका चित्रात मुद्रा सुंदर होती, प्रकाश सुंदर होता, आणि उजवा हात आशीर्वादासाठी वर उचललेला होता. विठोबाचे दोन्ही हात कमरेवर असतात आणि तो विटेवर उभा असतो, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. मी चित्राच्या देखणेपणाला भुललो होतो. हातांची संख्या आणि बोटं, आयुधं कोणत्या हातात, वाहन कोणतं, कपाळावरचं गंध, मागच्या भिंतीवर अक्षरांसारखे दिसणारे निरर्थक आकार, या क्रमाने तपासा.

आवाज तपासताना पाठ हातात घेऊन ऐका. मराठी "च" दोन प्रकारचा आहे. "चरण"मधला वेगळा आणि "चाल"मधला वेगळा. यंत्र त्यांची अदलाबदल करतं. संस्कृत स्तोत्रात शब्दाच्या शेवटचा "अ" पूर्ण म्हणायचा असतो. यंत्र मराठी सवयीने तो गिळतं आणि वृत्त मोडतं. जुन्या मराठीतल्या अंत्य अनुस्वाराचा उच्चार कधी सरळ "म्" होतो. अशा जागी साधनाला द्यायच्या मजकुरात शब्द उच्चारानुसार लिहा, पण पडद्यावर शुद्ध पाठच ठेवा. दोन फाइली वेगळ्या ठेवा, नाहीतर उच्चारासाठी मोडलेलं लेखन पडद्यावर जातं. एवढं करूनही स्तोत्र सुधरत नसेल, तर ते माणसाकडून म्हणून घ्या. साधा, किंचित बेसूर, पण शुद्ध उच्चाराचा पाठ लोक आनंदाने ऐकतात.

## ८. जुने व्हिडिओ आणि प्रतिक्रिया

यूट्यूबवर आधीच्या व्हिडिओची फाइल त्याच दुव्यावर बदलता येत नाही. म्हणून जुन्या व्हिडिओत वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत सूचना लिहा, `Altered content`ची निवड दुरुस्त करा आणि सूचनेची प्रतिक्रिया सर्वांत वर टाचून ठेवा. ज्या व्हिडिओमुळे लोकांचा खरोखर गैरसमज झाला आहे, तो पुन्हा तयार करून नव्याने चढवा आणि जुन्यातून नव्याकडे वाट दाखवा. मी चार व्हिडिओ असे पुन्हा केले. जुन्यांवरची दर्शकसंख्या गेली, तिचं वाईट वाटलं, पण ते करणं भाग होतं.

"हा आवाज कुणाचा?" असं कुणी विचारलं तर त्याच दिवशी, सूचनेतल्याच शब्दांत उत्तर द्या. "देवाच्या कामाला यंत्र कशाला?" असं कुणी विचारलं तर वाद घालू नका आणि प्रतिक्रिया पुसूही नका. कोणता भाग माणसाने केला ते सांगा आणि यंत्राशिवायचं फक्त गायन हवं असेल तर त्याचा दुवा द्या. म्हणूनच आता मी निरूपण वगळून नुसता अभंगही वेगळा चढवतो. चूक दाखवणाऱ्याला उत्तर देताना काय बदललं आणि कधी बदललं ते लिहा, आणि तीच तारीख निर्मिती-नोंदीतही टाका.

त्या आजींच्या प्रतिक्रियेखाली मी शेवटी लिहिलं: "अर्थ मी लिहिला आहे आणि तो एका कीर्तनकारांनी तपासला आहे. वाचणारा आवाज संगणकाचा आहे. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." मग त्यांनी कीर्तनकारांचा नंबर मागितला. कीर्तनकारांची परवानगी घेऊन मी तो त्यांना खासगी निरोपातून कळवला.